नऊ मिली, पण कशाचे?

शुक्रवारी रात्री डॉक्टरांकडून घरी आलो तेव्हा चिऊ माझ्या खांद्यावर झोपली होती आणि पर्समध्ये पावडरीच्या दोन छोट्या बाटल्या होत्या. चिऊ तेव्हा वीस महिन्यांची होती. तीन दिवस सर्दी होतीच, त्याचं आम्हाला काही वाटलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी ती कान ओढून ओढून रडायला लागली. आडवी केली की जास्तच. ताप १०२.४. सासूबाई म्हणाल्या, "कान दुखतोय गं तिचा, तेल घालू नकोस, डॉक्टरांकडेच ने." माझी आई असती तर लसूण घालून तेल गरम करायला घेतलं असतं, तेव्हा सासूबाईंचे आभार.

डॉक्टर मॅडमनी दोन्ही कानांत ऑटोस्कोप घालून पाहिलं. दोन्ही पडदे लाल आणि बाहेरच्या बाजूला फुगलेले होते. एकच कान असता, ताप कमी असता, तर दुखणं थांबवणारं औषध देऊन दोन-तीन दिवस वाट पाहिली असती, असं त्या म्हणाल्या. पण दोन वर्षांच्या आतलं मूल, दोन्ही कान आणि एवढा ताप म्हटल्यावर अँटिबायोटिक. पेनिसिलिनची किंवा कुठल्याही औषधाची अॅलर्जी आहे का, गेल्या महिन्याभरात अँटिबायोटिक झालंय का, हे विचारलं. दोन्हीचं उत्तर नाही. मग वजन.

मी लसीकरणाच्या कार्डावरचं वजन सांगितलं, ९.६ किलो. मॅडमनी ते ऐकूनच घेतलं नाही. "हे कधीचं?" चार महिन्यांपूर्वीचं होतं. स्वेटर, बूट, टोपी सगळं काढून चिऊला काट्यावर ठेवली, तिने तिथेही भोकाड पसरलं, पण काटा स्थिरावला तेव्हा १०.८ दाखवत होता. चार महिन्यांत जवळजवळ सव्वा किलो वाढलं होतं आणि आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढचा हिशोब त्यांनी चिठ्ठीच्या मागे माझ्यासमोर मांडला. मी बँकेत काम करते, त्यामुळे आकडे दिसले की आपोआप वाकून बघते. कानाच्या या संसर्गासाठी अॅमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दर किलोमागे दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम. म्हणजे १०.८ गुणिले ८०, ८६४. गुणिले ९०, ९७२. त्यांनी मधला सोपा आकडा घेतला, दिवसाला ९०० मिलिग्रॅम. त्याचे दोन भाग, सकाळी ४५० आणि रात्री ४५०. मग मिली. त्यांनी जे औषध लिहिलं त्याच्या पाच मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत ५०. साडेचारशे भागिले पन्नास, नऊ. चिठ्ठीवर लिहिलं: २५०/५, नऊ मिली, दोन वेळा, दहा दिवस.

कार्डावरचं जुनं वजन धरलं असतं तर हाच हिशोब एका वेळेला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास थांबला असता. अर्थात हा नऊ मिलीचा आकडा चिऊचा, त्या दिवशीचा आणि त्या बाटलीचा. कुणी तो उचलून आपल्या बाळाला लावू नये.

आता चूक कुठे झाली ते सांगते. कोपऱ्यावरचं मेडिकल बंद होण्याच्या बेतात होतं. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, फळीवर शोधलं, आणि तीस मिलीच्या दोन बाटल्या पुढे केल्या. "ती कंपनी नाही माझ्याकडे, ही घ्या. औषध तेच आहे. संपल्या की या." औषध खरंच तेच होतं. मी बाटलीवरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहिलं, अॅमॉक्सिसिलिन, बरोबर. पैसे दिले आणि निघाले. बरोबर एक पाच मिलीची सिरिंज घेतली, सुई तिथेच काढून टाकायला सांगितली.

घरी येऊन औषध तयार करायचं काम माझ्याकडे आलं. ड्राय सिरप म्हणजे बाटलीत तळाला बसलेली पावडर आणि लेबलवर एक बाणाची खूण. पाणी उकळून गार केलेलं हवं, ते सासूबाईंनी आधीच करून ठेवलं होतं. मी खुणेपर्यंत पाणी ओतलं, झाकण लावलं, हलवलं. पांढरा फेस वरपर्यंत आला आणि खुणेवर टेकला. झालं, असं मला वाटलं. दहा मिनिटांनी बघते तर फेस बसलेला आणि औषध खुणेच्या अर्धा बोटभर खाली. पावडर भिजली, तिच्यातली हवा निघाली, पातळी उतरली. म्हणजे खुणेपर्यंत पुन्हा पाणी घालायला हवं होतं. तेवढं कमी पाणी राहिलं असतं तर प्रत्येक मिलीत औषध जास्त झालं असतं. बाटली उलटी करून उजेडात धरली तेव्हा तळाच्या काठाला पावडरीची एक गोळी चिकटलेली दिसली. ती तशीच राहिली असती तर पहिले डोस पाणचट आणि शेवटचे दाट. दुसऱ्या बाटलीच्या वेळी मी आधी बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी केली, निम्मं पाणी घालून खळखळून हलवलं, मग उरलेलं घातलं, फेस बसू दिला आणि परत खुणेपर्यंत आणलं. फरक डोळ्यांना दिसत होता.

मग नऊ मिली. पाच मिलीच्या सिरिंजमध्ये नऊ मिली मावत नाहीत, म्हणून मी साडेचार-साडेचार असं दोनदा भरायचं ठरवलं. पण साडेचारची रेघच सापडेना. चार आणि पाचच्या मध्ये चार बारीक रेघा, म्हणजे पाच घरं, म्हणजे प्रत्येक घर ०.२ चं. ४.२, ४.४, ४.६, ४.८. साडेचार कुठेतरी दोन रेघांच्या मधोमध. रात्रीचे साडेदहा, कडेवर रडणारं मूल, आणि मी दिव्याखाली डोळे बारीक करून ते अदृश्य साडेचार शोधतेय. डोस कसाबसा दिला.

शनिवार गेला. ताप पॅरासिटामॉल दिलं की उतरायचा आणि पाच-सहा तासांनी परत चढायचा. रविवारी दुपारीही १०१.८. चिऊ डावा कान धरून बसलेली. नवरा म्हणाला, "अँटिबायोटिकला वेळ लागतो." ते खरं होतं. मॅडमनीच सांगितलं होतं की ४८ ते ७२ तासांत फरक दिसायला हवा, नाही दिसला तर फोन करा. ४८ तास पुरे व्हायला आले होते. संध्याकाळी मी फोन केला.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो तापाचा नव्हता. "किती देताय?"

"नऊ मिली, दोन वेळा. एकही डोस चुकलेला नाही."

"बाटली जवळ आहे? पाच मिलीत किती लिहिलंय ते वाचा."

मी फ्रिजमधून बाटली काढली. नाव मोठ्या अक्षरांत. त्याखाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत पाच मिलीमागे किती ते लिहिलेलं. वाचता वाचताच माझा आवाज खाली गेला. एकशे पंचवीस.

नऊ मिली बरोबर होते, फक्त अर्ध्या ताकदीच्या औषधाचे. एका मिलीत ५० ऐवजी २५. म्हणजे दर वेळेला ४५० च्या जागी २२५. दिवसाला ४५०, किलोमागे जेमतेम ४२. मॅडम म्हणाल्या, "पूर्वी एवढाच डोस द्यायचे. पण कानाच्या पडद्यामागे जो पू साचतो, त्याच्यात औषध पुरेसं पोचायला हवं, आणि न्यूमोकॉकस नावाचा जंतू आता पहिल्यासारखा थोडक्यात मरत नाही. म्हणून तर दुप्पट देतो." दुकानदाराला चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण चिठ्ठीवरचं २५०/५ मीही वाचलं होतं. मी नाव ताडलं, आकडा ताडला नाही. बँकेत नाव बरोबर आणि रक्कम चुकीची असलेला चेक मी कधी पास केला असता का?

रविवारी संध्याकाळी दुसरं औषध मिळेपर्यंत थांबायचं नव्हतं. मॅडमनी सांगितलं, आजची रात्र याच बाटलीतून अठरा मिली द्या, म्हणजे ४५० होतील, उद्या सकाळपासून २५० चं सुरू करा, आणि दहा दिवस उद्यापासून मोजा. हे स्वतःच्या मनाने केलं नाही, त्यांनी सांगितलं म्हणून केलं, कारण दुसरी बाटली आली की याच "अठरा" आकड्याने उलटी गडबड झाली असती. त्यांनी तेही बजावलं: "उद्या नव्या बाटलीतून चुकूनही अठरा देऊ नका."

अठरा मिली म्हणजे आमच्या सिरिंजच्या चार खेपा. वीस महिन्यांच्या मुलाला ते पाजून बघा. दुसऱ्या सिरिंजनंतर चिऊने ओठ मिटले. नवऱ्याने सुचवलं, दुधात घालू. मी नको म्हटलं. बाटलीत दूध उरलं तर पोटात किती गेलं ते कुणाला कळणार? शेवटी तिला मांडीवर ताठ बसवलं, सिरिंज जिभेवर न धरता गालाच्या आतल्या बाजूला सरकवली, आणि एकेक मिली सोडून गिळायची वाट पाहिली. घशावर जोरात मारलं की ठसका लागतो आणि सगळं बाहेर येतं, हे शनिवारी शिकून झालं होतं. पाऊण तास लागला. कमी ताकदीचं औषध जास्त मिली देऊन भरून काढता येतं हे गणितात सोपं आहे, मांडीवर नाही.

सोमवारी सकाळी मी दुसऱ्या मेडिकलमधून २५० च्या, साठ मिलीच्या तीन बाटल्या आणल्या. दिवसाला अठरा मिली, दहा दिवसांचे एकशे ऐंशी. या वेळी काउंटरवरच चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. दुकानातल्या मुलाने विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?" म्हटलं, काही नाही, वाचतेय. त्यानेच एक चांगली गोष्ट सांगितली: तिन्ही बाटल्या एकदम भिजवू नका. पाणी घातलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवूनही सातच दिवस चालतं, पावडर मात्र तशीच टिकते. तेव्हा एक संपत आली की पुढची.

साडेचारचा घोळही क्लिनिकमधल्या सिस्टरनी फोनवर एका वाक्यात सोडवला. "साडेचार-साडेचार कशाला करताय? एकदा पाच भरा, एकदा चार. दोन्हीला मोठी रेघ आहे." शिकलेल्या माणसाला हे आपणहून का सुचू नये, देव जाणे. सिरिंज रोज धुऊन त्यावरचे आकडे पुसट व्हायला लागले होते, म्हणून सासूबाईंनी चार आणि पाचच्या रेघेवर माझ्या लाल नेलपॉलिशचा एकेक पट्टा ओढला. त्या आधी स्टीलच्या चमच्याने देऊ म्हणत होत्या. मी आमच्या डब्यातले तीन चमचे पाण्याने भरून सिरिंजने मोजून दाखवले, एकात तीन मिली, एकात चार, आणि आमटीचा म्हणून वापरतो त्यात जवळजवळ सात. त्यानंतर चमच्याचं नाव निघालं नाही.

सोमवारी रात्री ताप शंभरच्या खाली आला आणि मंगळवारी परत चढलाच नाही. चिऊ सकाळी उठून डबे पाडायला लागली. आता सगळं सुरळीत, असं वाटत असताना बुधवारी रात्री बाटली जड लागली.

सोमवार, मंगळवार, बुधवार, दोन-दोन डोस, म्हणजे सहा डोस. सहा नव्वे चोपन्न. साठ मिलीच्या बाटलीत सहा मिली उरायला हवेत. मी सिरिंजने काढून मोजले तर दहा निघाले. चार मिली कुठून आले? एखादा डोस राहिला म्हणावं तर नऊ उरले असते जास्तीचे. सांडलं असतं तर कमी झालं असतं, जास्त नाही. रात्रीचे डोस मी देत होते, सकाळचे नवरा, कारण मी साडेआठला निघते.

"मला भरून दाखव," मी म्हटलं. त्याने बाटली हलवली, सिरिंज बुडवली, दट्ट्या ओढला, नीट डोळ्यांसमोर उभी धरली. अगदी मन लावून. आणि लाल पट्ट्याला जे टेकलं होतं ते दट्ट्याच्या रबराचं खालचं टोक होतं.

त्या काळ्या रबराकडे मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याला दोन कडा असतात, सिरिंजच्या भिंतीला टेकणाऱ्या. एक वरची, औषधाकडची. एक खालची, आपल्या हाताकडची. शिवाय अगदी वर मधोमध एक टोकदार उंचवटा. मोजायचं ते वरच्या, भिंतीला टेकलेल्या कडेवर, कारण औषध तिथे संपतं. नवरा खालची कड रेघेला लावत होता. आमच्या सिरिंजवर दोन कडांमध्ये जवळजवळ ०.७ मिलीचं अंतर होतं. दोन खेपांत १.४ मिली कमी, म्हणजे नऊच्या जागी साडेसात-पावणेआठ. तीन सकाळी मिळून चार मिलीच्या आसपास. हिशोब जुळला. उंचवट्याचं टोक रेघेला लावणारे याच्या उलट थोडं जास्त देतात.

तो खजील झाला. मीही भाव खाल्ला नाही, कारण मी भरलेली सिरिंज त्याने हातात घेऊन म्हटलं, "आणि हे काय?" रबराच्या वर हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा बसला होता. हलवलेलं औषध फेसाळ असतं, घाईने ओढलं की हवा येतेच, आणि तेवढी जागा औषधाची जाते. नळीचं तोंड वर करायचं, नखाने टिचकी मारायची, बुडबुडा वर आला की दट्ट्या हळूच दाबून हवा बाटलीत सोडायची आणि परत रेघेपर्यंत भरायचं. त्यातही एक गंमत कळली: टेबलावर ठेवून वरून वाकून पाहिलं की रेघ एका जागी दिसते, डोळ्यांच्या पातळीला धरली की दुसऱ्या. त्या रात्री आम्ही दोघं मोरीत उभे राहून साध्या पाण्याने पाच आणि चार भरण्याची प्रॅक्टिस करत होतो आणि सासूबाई दारातून बघत होत्या.

मॅडमना सकाळी फोन करून सांगितलं. ताप नाही, मूल खेळतंय, तर राहिलेलं भरून काढायला जास्त काही द्यायचं नाही, फक्त आजपासून बरोबर द्या, असं त्या म्हणाल्या. पाचव्या दिवसापासून चिऊला दिवसाला तीन-चार पातळ शी व्हायला लागल्या आणि ढुंगण लाल झालं. तेही विचारलं. पाणी पितेय, लघवी होतेय, रक्त नाही, मग औषध चालू ठेवा, क्रीम लावा. अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, धाप यांपैकी काही दिसलं तर मात्र थांबून लगेच या. तसं काही झालं नाही. एकदा सकाळी डोस दिल्यावर पाच मिनिटांत तिने सगळं ओकलं. अर्ध्या तासाच्या आत म्हणून मॅडमना विचारून तो डोस पुन्हा दिला.

त्यामुळे शेवटी औषध नेमकं कमी पडलं. दहाव्या दिवशी रात्री बाटली कितीही वाकडी केली तरी चारच्या पुढे काही येईना. एकट्या त्या डोससाठी नवी बाटली भिजवू नका, मॅडम म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी कान परत दाखवले. लाली गेली होती, फुगवटा गेला होता. उजव्या पडद्यामागे थोडं पाणी अजून होतं. ते उतरायला काही आठवडे लागू शकतात आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही, असं कळलं. वजन १०.९.

सिरिंज नवऱ्याने धुऊन औषधांच्या डब्यात टाकली होती. पावसाळ्यात चिऊला पुन्हा ताप आला, या वेळी साधा व्हायरल, फक्त पॅरासिटामॉल. तिचं वजन आता बारा. नवऱ्याने डबा उघडला, ती सिरिंज काढली, सिरपमध्ये बुडवली आणि सवयीने दट्ट्या खालच्या लाल पट्ट्यापर्यंत, पाचवर, ओढला. वरची कड, बुडबुडा नाही, डोळ्यांच्या पातळीला, सगळं अगदी बरोबर. चिठ्ठीवर साडेतीन लिहिलं होतं. मी त्याच्या हातातून ती घेतली, औषध बाटलीत परत सोडलं आणि सिरिंज कचऱ्याच्या डब्यात टाकली.